अरुंद पाटीवर देवनागरी उभी रचताना: अक्षर न मोडता, शिरोरेषा न बिघडवता

दोन शटरच्या मधला खांब आठ-दहा इंच रुंद असतो आणि दुकानदाराला त्यावरही नाव हवं असतं. इंग्रजी नाव असेल तर पेंटर एकाखाली एक अक्षरं लिहून मोकळा होतो. देवनागरीत तसं जमत नाही. इथे अक्षर शिरोरेषेला टांगलेलं असतं, त्याच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार येतात, पायाशी उकार लोंबतो आणि ऱ्हस्व वेलांटी तर डावीकडून येऊन बसते. नाव कुठे तोडायचं आणि तोडल्यावर त्या तुकड्यांत अंतर किती ठेवायचं, या दोन गोष्टी जमल्या की बाकीचं हाताचं काम उरतं.

सगळं एकाच नावावर करून बघू. नाव घेऊ 'त्रिमूर्ती स्टेशनरी'. दुकान कल्पित आहे, पण या नावात नवख्याला अडवणाऱ्या बहुतेक खोड्या एकत्र सापडतात. पाटी दहा इंच रुंद आणि सहा फूट, म्हणजे ७२ इंच उंच. खांबावर यापेक्षा फार वेगळं माप क्वचितच मिळतं.

आधी ठरवा: रचायचं की फिरवायचं

उभ्या पाटीवर नाव बसवायच्या दोन सरळ पद्धती आहेत. एक म्हणजे अक्षराखाली अक्षर रचणं. दुसरी म्हणजे नाव नेहमीसारखं आडवं लिहून अख्खी ओळ ९० अंशांत फिरवणं. ओळ वरून खाली वाचली जावी अशी फिरवली की शिरोरेषा उजव्या कडेला येते आणि सलग राहते. कुठेच काही तोडावं लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. तोटा एवढाच की वाचणाऱ्याला मान वाकडी करावी लागते.

गिऱ्हाईक बहुधा रचलेलं नाव मागतं, कारण त्यात अक्षर मोठं मिळेल असं त्याला वाटतं. ते दर वेळी खरं नसतं. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच्या उंचीला आपण 'अंग' म्हणू. वरच्या चिन्हांना अंगाच्या साधारण ०.४५ पट आणि खालच्या उकाराला ०.४ पट जागा लागते. ओळ फिरवली की ही तिन्ही मापं पाटीच्या रुंदीत बसवावी लागतात: १.८५ पट. दोन्ही बाजूंना एक-एक इंच सोडला तर आठ इंच उरतात, म्हणजे अंग सुमारे ४.३ इंच. याच पाटीवर आपलं नाव रचून लिहिलं तर अंग ५ इंच मिळतं, ते कसं हे पुढे येईलच. फरक पाऊण इंचाहूनही कमी.

शिवाय तो फरकही नाव लहान असेपर्यंतच टिकतो. रचलेल्या प्रत्येक तुकड्याला, अंतर धरून, उंचीत अंगाच्या साधारण १.६ ते १.७५ पट जागा लागते. सहा फुटी पाटीवर नऊ-दहा तुकडे झाले की दोन्ही पद्धती बरोबरीला येतात. त्याच्या पुढे रचलेलं अक्षर फिरवलेल्या अक्षरापेक्षा लहान होतं, वर वाचायलाही अवघड. 'श्री स्वामी समर्थ इलेक्ट्रिकल्स अँड हार्डवेअर' असं नाव कोणी रचून मागितलं तर मी सरळ नाही म्हणतो आणि ओळ फिरवून देतो. आपल्या नावाचे तुकडे सात होतात, म्हणून इथे रचायला हरकत नाही.

तुकडे कुठे पाडायचे

प्रत्येक तुकड्याला 'खण' म्हणू. नियम सोपा आहे: खण संपतो तो पूर्ण अक्षरावर. पूर्ण अक्षर म्हणजे एक व्यंजन किंवा जोडाक्षर, त्याला लागलेलं स्वरचिन्ह आणि त्यावरचा अनुस्वार, चंद्र किंवा रफार, सगळं मिळून. पाय मोडलेलं किंवा अर्धं व्यंजन एकटं राहत नाही, ते पुढच्या व्यंजनाबरोबरच जातं.

नवखा माणूस इथे तोंडाच्या भरवशावर चालतो आणि फसतो. 'मूर्ती' म्हणताना आपण मूर्–ती म्हणतो, त्यामुळे र् हा 'मू'बरोबर जावा असं वाटतं. पण लिहिताना तो रफार होऊन 'ती'च्या डोक्यावर बसलेला असतो. खण पाडायचे ते लिहिलेल्या अक्षराचे: मू, र्ती. तसंच 'डॉक्टर' तोंडात डॉक्–टर होतो, पाटीवर मात्र डॉ, क्ट, र. 'सर्वोदय' म्हणजे स, र्वो, द, य. 'विद्यार्थी' म्हणजे वि, द्या, र्थी.

ऱ्हस्व वेलांटी हा दुसरा सापळा. 'हॉस्पिटल'चे खण हॉ, स्पि, ट, ल असे पडतात. त्यात वेलांटीचा दंड 'प'च्या नाही तर अख्ख्या 'स्प'च्या डावीकडे उभा असतो. अर्धा स वरच्या खणात आणि 'पि' खालच्या खणात टाकला की स चा पाय मोडून दाखवावा लागतो, आणि तो दाखवायचा राहिला की 'हॉसपिटल' होतं. असे 'सटेशनरी' आणि 'सटील भांडी' बरेच खांब मिरवत असतात.

आपल्या नावाचे खण असे: त्रि, मू, र्ती, मग मोकळी जागा, मग स्टे, श, न, री.

काही किरकोळ गोष्टी इथेच उरकतो. विसर्ग मागच्या अक्षराच्या खणात राहतो. शेवटी पाय मोडलेलं व्यंजन आलं तर त्याला स्वतंत्र खण देऊ नका, मागच्या अक्षराशेजारीच बसवा. 'डॉ.'चं टिंब 'डॉ'बरोबर. आकडे फोडू नका: '२४ तास'मधला २४ एकाच खणात आडवा. इंग्रजी आद्याक्षरं देवनागरीत लिहिलेली असतील तर एका इंग्रजी अक्षराचा उच्चार एका खणात ठेवा: एस, टी, डी. ए खाली स, त्याखाली टी असं केलं तर वाचणारा 'स'पाशी अडखळतो. जोडरेघ काढून टाका, तिच्या जागी थोडं जास्त अंतर सोडा.

पाटी चौदा-पंधरा इंच रुंद असेल तर एका ओळीत दोन-दोन अक्षरं घ्यायचा मोह होतो. घ्या, पण प्रत्येक ओळ सुटी वाचून बघा. 'वाचनालय' हे 'वाच' आणि 'नालय' असं तोडलं की वरची ओळ हुकूम सोडते आणि खालच्या ओळीत लोकांना नाला दिसतो.

अक्षराचं माप रुंदीवरून काढा

आता सातही खण तुम्ही ज्या वळणात लिहिणार त्याच वळणात कागदावर एकाच अंगाने काढा आणि प्रत्येकाची रुंदी मोजा. मध्यम जाड, साध्या वळणात अंग ५ इंच धरलं तर आपल्या नावात साधारण असं येतं: न सव्वाचार इंच, री पावणेपाच, मू पाच, श साडेपाच, त्रि पावणेसहा, र्ती सहा आणि स्टे साडेसात. तुमच्या वळणात आकडे थोडे सरकतील, पण सगळ्यात रुंद 'स्टे'च निघेल, कारण त्यात अर्धा स आणि पूर्ण ट शेजारी-शेजारी आहेत.

पाटीचं माप हा सगळ्यात रुंद खण ठरवतो. मोकळी रुंदी आठ इंच आणि स्टे साडेसात, म्हणून अंग ५ इंच. बहुतेक जण उलटं करतात. न आणि श बघून अंग साडेसहा इंच ठरवतात आणि मग स्टे बसत नाही म्हणून तेवढाच दाबतात. कॉम्प्युटरवर तर नुसतं कोपऱ्याला धरून ढकलायचं असतं. पण रुंदी ७० टक्क्यांवर आणली की उभे दंडही ७० टक्केच जाड उरतात, शिरोरेषेची जाडी मात्र तेवढीच राहते. स्टे अंगात बारीक आणि डोक्यावर जड दिसतो आणि शेजारच्या खणांशी त्याचं नातं तुटतं. हे लांबूनही कळतं. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण 'ते एक अक्षर वेगळंच आहे' असं तो म्हणतो.

रुंद खण अगदीच अडवत असेल तर तीन उपाय आहेत. एक, सगळ्याच नावाचं अंग कमी करा. दोन, सगळ्याच नावासाठी मुळात अरुंद काढलेलं वळण वापरा, म्हणजे दंड आणि रेषा यांचं प्रमाण सांभाळलेलं असतं. तीन, जोडाक्षराला एकाखाली एक असं रूप असेल तर ते घ्या: ट्ट, ठ्ठ, द्द यांत रुंदी वाचते. 'क्क' आणि 'ल्ल' जुन्या पाट्यांवर असे वर-खाली जोडलेले दिसतात, पण आताच्या मुलांना शेजारी जोडलेलं रूपच ओळखीचं आहे, म्हणून ते सांभाळून. 'स्ट'ला असं रूप नाही. तिथे पहिला किंवा दुसरा उपाय.

उभं अंतर: इथे वेळ द्या

सगळ्यात जास्त पाट्या बिघडतात त्या इथे. साधा माणूस पाटीचे सात सारखे भाग करतो आणि प्रत्येक भागात एक अक्षर बसवतो. आपल्या नावाचं तसं करून बघा. 'मू'ला खाली दोन इंचांचा उकार आहे आणि लगेच खालच्या 'र्ती'ला डोक्यावर वेलांटी आणि रफार मिळून सव्वादोन इंच. दोघांमध्ये इंचभर तरी हवा, म्हणजे मोकळी जागा, ठेवायची तर 'मू'च्या शिरोरेषेपासून 'र्ती'च्या शिरोरेषेपर्यंत सव्वादहा इंच लागतात. हेच अंतर सगळीकडे ठेवलं तर श आणि न यांच्यामध्ये सव्वापाच इंच पोकळी राहते, अक्षराच्या अंगापेक्षा जास्त. शब्द विस्कटतो. शिवाय सगळं मिळून साडेअडुसष्ट इंच होतात आणि दोन शब्दांमध्ये सोडायला जागाच उरत नाही.

मग हुशार माणूस दुसऱ्या टोकाला जातो आणि प्रत्येक जोडीत मोकळी जागा मोजून सारखी ठेवतो. त्यात श आणि न एकमेकांना चिकटल्यासारखे जवळ येतात आणि मू–र्ती लांब पडतात, कारण डोळा नुसती हवा मोजत नाही, शिरोरेषाही मोजतो. रचलेल्या देवनागरीत जाड आडव्या शिरोरेषा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतात. पायऱ्यांमध्ये थोडा फरक चालतो, फार चालत नाही.

म्हणून मधला रस्ता. जिथे मध्ये कुठलंच चिन्ह नाही अशा जोडीत हवा जास्त ठेवा, अंगाच्या निम्मी. जिथे एका बाजूचं चिन्ह आहे तिथे साधारण तीस टक्के. जिथे वरून उकार आणि खालून वेलांटी अशी दोन्हीकडून गर्दी आहे तिथे वीस टक्के. आपल्या ५ इंची अंगाला हे अनुक्रमे अडीच इंच, दीड इंच आणि एक इंच होतं. दोन शब्दांमधली हवा शब्दातल्या मोठ्यात मोठ्या हवेच्या दुप्पटीपेक्षा जास्तच हवी, नाही तर 'मूर्तीस्टे' असं काहीतरी वाचलं जातं. आपण सहा इंच घेऊ.

आता पाटीच्या वरच्या कडेपासून शिरोरेषांची मापं मांडू. वर पाच इंच मोकळे, मग 'त्रि'च्या वेलांटीचे दोन इंच, म्हणजे पहिली शिरोरेषा सात इंचांवर. तिथून पुढे:

- त्रि: ७ इंच
- मू: १४.५ इंच
- र्ती: २४.७५ इंच
- स्टे: ३७.७५ इंच
- श: ४५.२५ इंच
- न: ५२.७५ इंच
- री: ६१.२५ इंच

प्रत्येक शिरोरेषेची वरची कड या मापावर येते आणि अक्षराचा पाय तिच्याखाली पाच इंचांवर. 'री'चा पाय ६६.२५ वर संपतो आणि खाली पावणेसहा इंच उरतात. खालची मोकळी जागा वरच्यापेक्षा थोडी जास्त असू द्या. सारखी ठेवली तर मजकूर खाली घसरल्यासारखा दिसतो, शिवाय खांबाचा खालचा भाग सायकली आणि स्टुलांमागे झाकलाही जातो.

'मू' आणि 'र्ती'च्या जोडीकडे जवळून बघा. 'मू'चा उकार 'म'च्या उजव्या दंडाखाली लोंबतो. 'र्ती'चा रफारही उजवीकडच्या दंडाच्या डोक्यावरच येतो. दोन्ही चिन्हं नेमकी एकाच रेषेत समोरासमोर येतात, म्हणून इथे इंचभर हवा खरोखर लागते. खालच्या खणात रफाराऐवजी 'वि'सारखी वेलांटी असती तर तिची कमान डावीकडून उठली असती, समोरासमोर टक्कर कमी झाली असती आणि पाऊण इंचावर भागलं असतं. म्हणजे टक्केवारी लावून थांबू नका, चिन्ह कुठल्या बाजूला आहे तेही बघा.

एक कसोटी कायम लक्षात असू द्या: चिन्ह आपल्या अक्षराला चिकटलेलं दिसलं पाहिजे, वरच्या किंवा खालच्या शेजाऱ्याला नाही. उकार दंडाला टेकतो, मात्रा शिरोरेषेला टेकते, त्यामुळे त्यांचं निभावतं. अनुस्वाराचं टिंब मात्र कशालाच टेकत नाही. 'केंद्र' लिहिताना 'कें'चं टिंब शिरोरेषेपासून लांब गेलं की ते वरच्या अक्षराच्या पायातलं टिंब वाटू लागतं. टिंब आणि त्याची शिरोरेषा यांतल्या अंतराच्या निदान तिप्पट अंतर टिंबाच्या वर असावं. टिंबाचा व्यास दंडाच्या जाडीपेक्षा कमी नको. उन्हात आणि धुळीत आधी तेच नाहीसं होतं.

शिरोरेषेचं काय करायचं

प्रत्येक खणाला स्वतःची शिरोरेषा, आणि ती अक्षराच्या रुंदीएवढीच. दोन्ही टोकांना नेहमीच्या लिखाणात असते तेवढी किंचित पुढे आलेली चालते.

काही जण सगळ्या शिरोरेषा एकाच लांबीच्या करतात, पाटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. कागदावर ते नीटनेटकं वाटतं. पण 'न'सारख्या अरुंद अक्षरावर साडेसात इंचांची रेषा मारली की शेजारी एखादं अक्षर पुसलं गेलंय असा भास होतो. त्याहून वाईट म्हणजे रेषा ओढण्याच्या भरात ध आणि भ यांच्या डोक्यावरची फट बुजते. ध चा घ होतो, भ चा म होतो. 'धनलक्ष्मी'ची 'घनलक्ष्मी' आणि 'भारत'चा 'मारत' असाच होतो. आडव्या लिखाणात मागच्या-पुढच्या अक्षरांवरून वाचणारा सावरून घेतो. रचलेल्या पाटीवर तो एकेक अक्षर सुटं वाचत असतो, त्यामुळे चूक लगेच बोचते. थ च्या डोक्यावरही रेषा सलग ओढू नका.

श आणि ल यांची मराठी वळणं ठेवा, म्हणजे देठाचा श आणि पाकळीचा ल. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयातही हीच रूपं मराठीसाठी धरलेली आहेत. कॉम्प्युटरवरचे बरेच फाँट मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय हिंदी वळण दाखवतात, तेव्हा तेवढं तपासा.

आडवा मध्य काढताना अख्ख्या खणाची रुंदी मोजा, वेलांटीच्या दंडासकट. 'त्रि'त डावीकडे एक दंड जास्त आहे. तो न मोजता नुसता 'त्र' मध्यावर ठेवला तर खण डावीकडे सरकलेला दिसतो. मध्य मापून ठेवल्यावर डोळ्याने पाव इंच इकडे-तिकडे करायला हरकत नाही. र, ट, द, ह यांना उजवा उभा दंड नसतो, त्यामुळे ती मापाने मध्यावर असूनही डावीकडे कललेली वाटू शकतात.

कॉम्प्युटरवर रचताना

फ्लेक्स किंवा व्हिनाइल करायचं असेल तर सॉफ्टवेअरमधलं उभ्या मजकुराचं बटण वापरू नका. ते चिनी-जपानी लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेलं असतं. देवनागरीत ते कधी जोडाक्षर फोडतं, कधी वेलांटी वेगळी करतं. तुटलेल्या चिन्हाशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं की समजा, खण चुकीच्या जागी तुटलाय. युनिकोड फाँटमध्ये नाव सरळ आडवं टाइप करा आणि प्रत्येक पूर्ण अक्षरानंतर एंटर मारा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर, म्हणून तिथे एंटर मारताना जास्त जपा: 'हॉस्पिटल'मधल्या 'स्पि'ची वेलांटी वरच्या ओळीच्या शेवटी लटकत राहण्याची शक्यता असते.

ओळींमधलं आपोआप पडणारं अंतर सोडून द्या. मजकूर आकारात बदलून घ्या, प्रत्येक खणाचे भाग एकत्र बांधा आणि वर काढलेल्या मापांवर एकेक खण हाताने ठेवा. कटिंग करायचं असेल तर त्याआधी प्रत्येक खण 'वेल्ड' करा. फाँटमध्ये र आणि दुसरी वेलांटी हे दोन वेगळे तुकडे असतात आणि शिरोरेषेवर ते एकमेकांवर चढलेले असतात. वेल्ड न करता कटरला दिलं की सुरी शिरोरेषेच्या मधोमध उभा काप घेते आणि दोन पावसाळ्यांत तिथूनच व्हिनाइल उचकटतं. ॲक्रिलिक किंवा धातूची उठावाची अक्षरं असतील तर अनुस्वाराचं टिंब सुटं पडतं, त्याला वेगळा खिळा द्यायला कारागिराला आठवणीने सांगा.

पाटीवर उतरवणं

खांब सरळ आहे असं धरून चालू नका. वरून ओळंबा सोडा, खडूने मधली उभी रेषा मारून घ्या. मग वरच्या कडेपासून सातही मापं त्या रेषेवर टाका आणि प्रत्येक मापावर गुण्या लावून आडवी रेषा काढा. ही आडवी रेषा पाटीच्या कडेवरून मोजू नका, ओळंब्याच्या रेषेवरून गुण्यानेच काढा. आडव्या पाटीवर एकच शिरोरेषा असते, ती जराशी कलली तरी खपून जाते. इथे सात आहेत आणि एक जरी कलली तरी बाकीच्या सहा तिची चुगली करतात.

सातही खणांचे कागदी आराखडे मागे खडू चोळून पाटीवर टिपून घ्या. पाच इंच अंगाला दंडाची जाडी पाऊण इंचाच्या आसपास ठेवा. त्याहून जाड केलीत तर 'स्टे'मधल्या अर्ध्या स च्या पोटातली मोकळी जागा बुजते.

रंग भरायच्या आधी खडूच्या खुणांचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो बोटाच्या पेराएवढा लहान करून बघा. ज्याला दुकानाचं नाव माहीत नाही अशा कोणाला तरी रस्त्याच्या पलीकडे उभं करून मोठ्याने वाचायला सांगा. तो कुठे थांबतो ते ऐका. 'त्रिमू… र्ती' असा थांबला तर मू–र्तीमधली हवा जास्त झाली आहे, पाव इंच कमी करा. 'शन री' असं म्हणाला तर 'री'च्या वरची हवा कमी करा. 'मूर्ती'नंतर न थांबता पुढे गेला तर दोन शब्दांमधली जागा सहाची सात इंच करा आणि तो इंच अर्धा वरून, अर्धा तळातून घ्या. खडू पुसायला ओलं फडकं लागतं. एनॅमल चढल्यावर पाटी खरवडून पुन्हा रंगवावी लागते.

आणखी एक गोष्ट दुकानदाराला कामाच्या आधीच सांगून ठेवा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत असणं बंधनकारक आहे आणि मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही. शटरवर दीड फुटी इंग्रजी आणि खांबावर पाच इंची उभं मराठी, एवढ्यावर भागेल असं त्याला वाटत असेल तर ते भागणार नाही. खांबावरची पाटी ही जादाची पाटी आहे. मुख्य पाटीचं माप वेगळं धरूनच त्याला खर्चाचा अंदाज द्या.